करारात नसलेले पाच हजार खोके

वर्षभराचा दरकरार झाला की खरेदी विभागाला थोडी उसंत मिळते. भाव ठरलेला, माल ठरलेला, दर आठवड्याची गाडी ठरलेली. मग एखाद्या दुपारी विक्री विभागाकडून निरोप येतो की मोठी ऑर्डर मिळाली आहे, जादा माल लगेच हवा. नेहमीच्या पुरवठादाराला फोन जातो आणि तो म्हणतो, "साहेब, देतो. पण या मालाला करारातला भाव परवडणार नाही." इथून पुढच्या दोन तासांत जे बोलणे होते त्यावर पैसे किती जास्त जाणार हे ठरते. वर्षभराचा करार शाबूत राहणार की नाही, हेही त्यातच ठरते.

अशा एकवेळच्या भावाला बाजारात स्पॉट रेट म्हणतात. तो मागण्यात कमीपणा नाही आणि तो जास्त सांगणे म्हणजे लूटही नाही. तो नीट मागण्याची एक रीत मात्र आहे. ती समजून घ्यायला सगळ्यांच्या ओळखीची वस्तू घेऊ: पुठ्ठ्याचा खोका.

समजा, नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत फरसाण आणि मसाले बनवणारा एक मध्यम कारखाना आहे. पाकिटे भरायला त्याला पाच प्लायचे कोरोगेटेड खोके लागतात. लांबी ४५० मिलिमीटर, रुंदी आणि उंची प्रत्येकी ३००, वर दोन रंगांची छपाई. खोकेवाल्याशी एप्रिल ते मार्चचा करार आहे. महिन्याला २०,००० खोके, खोक्याला ३६ रुपये अधिक जीएसटी, दर मंगळवारी ५,००० ची गाडी, पैसे ४५ दिवसांनी. आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत, पण व्यवहार असाच चालतो.

हे ३६ रुपये कुठून येतात ते आधी पाहायला हवे, कारण जादा भावाची सगळी चर्चा त्यावरच उभी राहते. या मापाच्या एका खोक्याला साधारण ७५० ग्रॅम क्राफ्ट पेपर लागतो. किलोला ३४ रुपये धरले तर कागदाचेच साडेपंचवीस रुपये झाले. उरलेल्या दहा-साडेदहा रुपयांत खळ, पिना, शाई, वीज, मजुरी, वाया जाणारा कागद, गाडीभाडे आणि नफा. म्हणजे खोका विकत घेतो असे आपण म्हणतो, पण खरे तर दोन तृतीयांशाहून जास्त पैसा कागदाचा असतो. करारातला भाव परवडतो कारण खोकेवाल्याला पुढच्या महिन्याची गरज आज ठाऊक असते. तो मिलकडून ट्रकभर कागद हव्या त्या रुंदीच्या रिळांत मागवतो आणि मशीन सलग चालवतो. ३६ रुपये हा खोक्याइतकाच त्या निश्चिंतीचा भाव आहे. जादा माल तातडीने मागितला की निश्चिंती जाते, आणि भाव बदलतो.

कागदाचा भाव स्वतःच किती उसळू शकतो हे या धंद्याने २०२१ च्या सुमारास पाहिले. चीनने १ जानेवारी २०२१ पासून टाकाऊ कागदाची आयात बंद केली. तिथल्या गिरण्यांना मग तयार लगदा आणि क्राफ्ट पेपर बाहेरून हवा झाला. आपल्याकडच्या मिल तिकडे माल पाठवू लागल्या आणि इथे खोकेवाल्यांचे कंबरडे मोडले. वर्षभराच्या जुन्या भावात माल देणे त्यांना अशक्य झाले. म्हणूनच आज शहाणे करार कागदाच्या भावाशी जोडलेले असतात: कागद ठरावीक टक्क्यांपलीकडे हलला की खोक्याचा भावही हलतो. हे सांगायचे कारण असे, की बाजार तापल्यामुळे वाढलेला भाव आणि तातडीमुळे वाढलेला भाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यासाठी करारातच कलम असते. स्पॉट रेट दुसऱ्यासाठी मागायचा. दोन्ही एकत्र कालवले की नेमके कशाचे पैसे दिले हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

आता मुद्द्याची ऑर्डर. दिवाळीच्या तोंडावर वितरकाने जादा माल मागितला. पॅकिंग विभागाचा हिशेब असा: पुढचे १२ दिवस रोज ७०० खोके जास्त, एकूण ८,४००. घाबरलेला खरेदी अधिकारी इथेच फोन उचलतो आणि म्हणतो, "शेठ, साडेआठ हजार खोके जादा पाहिजेत, चार-पाच दिवसांत. कसंही करा." या एका वाक्यात तीन गोष्टी हातच्या गेल्या. आकडा फुगला, मुदत आवळली गेली, आणि आपल्यापुढे दुसरा रस्ता नाही हे समोरच्याला कळले. खोकेवाला ४४ रुपये सांगतो. त्यात त्याचा दोष नाही. ज्या कामाचा अंदाज नाही त्याला कुणीही वरचे पैसे लावून ठेवतो.

फोनच्या आधी गोदामात जायला हवे होते. तिथे नेहमीच्या वापरापलीकडे १,४०० खोके शिल्लक निघाले, म्हणजे पहिल्या दोन दिवसांची सोय झाली. मग करार उघडायचा. बहुतेक दरकरारांत मासिक मालात काही टक्के कमी-जास्त करण्याची मुभा असते आणि ऐन गडबडीत ती नेमकी विसरली जाते. आपल्या उदाहरणात समजा १० टक्के आहे, सात दिवसांची सूचना देऊन. म्हणजे २,००० खोके ३६ रुपयांनीच मिळण्याचा हक्क आहे, फक्त ते आठव्या-नवव्या दिवशी येतील. जो माल करारातच बसतो त्याला स्पॉट रेट मागणे म्हणजे स्वतःच्या हाताने भाव वाढवून देणे. ८,४०० मधून १,४०० आणि २,००० वजा करता खरी तातडीची गरज उरली ५,००० ची.

तीही एका दिवसात नको आहे. तिसऱ्या दिवसापासून नवव्या दिवसापर्यंत रोज ७०० लागणार. म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळी १,५००, पाचव्या दिवशी १,५०० आणि सातव्या दिवशी २,००० आले तरी एकही तास काम थांबत नाही. त्यानंतर करारातले जादा २,००० हाताशी येतात. साडेआठ हजार चार-पाच दिवसांत आणि पाच हजार सात दिवसांत तीन हप्त्यांनी, या दोन मागण्यांत खोकेवाल्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलीसाठी त्याला दुसऱ्या गिऱ्हाइकाचे काम उतरवावे लागते. दुसरी तो संध्याकाळच्या जादा पाळीत बसवतो.

मागणी लेखीच जावी. फोन आधी केला तरी मागोमाग मेल हवाच, आणि तो चार-पाच ओळींचा पुरे. असा:

"आपल्या चालू दरकराराबाहेर एकवेळच्या गरजेसाठी ५,००० खोक्यांचा (माप, कागद, छपाई करारातील नमुन्याप्रमाणेच) स्पॉट रेट कळवावा. १,५०० खोके बुधवारी सकाळी, १,५०० शुक्रवारी, २,००० रविवारी हवेत. करारातील मंगळवारचा पुरवठा ठरल्याप्रमाणेच सुरू राहील, त्यात बदल नाही. भाव देताना कागद, मजुरी आणि वाहतूक यांतील जादा खर्च वेगळा दाखवावा. हा दर केवळ याच ऑर्डरपुरता राहील. या मालाचे पैसे स्वीकृतीनंतर ७ दिवसांत देऊ. भाव आज सायंकाळपर्यंत कळवावा."

या मेलमधले सगळ्यात मोलाचे वाक्य मंगळवारच्या पुरवठ्याचे आहे. त्याच्याकडे मशीन तेच, माणसे तीच, बऱ्याचदा रिळेही तीच. ४१ रुपयांचा खोका आणि ३६ रुपयांचा खोका एकाच टेबलावर पडले तर आधी कुठल्यावर हात जाईल हे सांगायला नको. मग स्पॉटचा माल वेळेवर येतो, मंगळवारची गाडी गुरुवारी येते, आणि आपण जादा पैसे देऊन आपलेच करारातले खोके विकत घेतलेले असतात. हे ओळखायचे तर दोन्ही मालांची चलने वेगळी हवीत, ऑर्डरचे क्रमांक वेगळे हवेत आणि मंगळवारच्या गाडीचा आकडा त्या आठवड्यात रोज पाहायला हवा. स्पॉटचा माल पूर्ण आला पण करारातला मागे पडला, तर दोघांनी मिळून तो हिशेब त्याच आठवड्यात मिटवावा.

खर्च वेगळा दाखवायला सांगितल्याने भाव घासाघिशीतून बाहेर येतो. खोकेवाल्याने पाठवलेले उत्तर समजा असे आहे. ५,००० खोक्यांना वाया जाण्यासकट चार टन कागद लागेल. मिलकडून इतक्या थोड्या वेळात येणार नाही, स्थानिक व्यापाऱ्याकडून घ्यावा लागेल आणि तो किलोला ३ रुपये जास्त घेतो. म्हणजे १२,००० रुपये, खोक्याला २ रुपये ४० पैसे. जादा पाळीची मजुरी ६,०००, कारण ओव्हरटाइमला कायद्याने दुप्पट दर द्यावा लागतो. खोक्याला १ रुपया २० पैसे. टेम्पोच्या तीन फेऱ्या प्रत्येकी १,५०० च्या, खोक्याला ९० पैसे. सगळे मिळून साडेचार रुपये. म्हणजे ३६ चे साडेचाळीस झाले. तरी तो ४४ मागत असेल, तर वरचे साडेतीन रुपये गडबडीचे आणि जोखमीचे आहेत.

आता बोलता येते, आणि "थोडं कमी करा ना" म्हणायची गरज पडत नाही. प्रत्येक खर्चाला एक प्रश्न विचारता येतो. व्यापाऱ्याकडे रीळ किती रुंदीचे आहे? या खोक्याला जेमतेम ६२ सेंटिमीटरचे रीळ पुरते. ६८ चे मिळाले तर कडेचा सहा सेंटिमीटर कागद कापून रद्दीत जाईल आणि त्याचा भुर्दंड आपल्या भावात येईल. दुसऱ्या व्यापाऱ्याकडे ६४ चे असेल तर एक फोन करणे दोघांच्या फायद्याचे. टेम्पोच्या तीन फेऱ्या कशाला? रविवारचे २,००० खोके सोमवारी पहाटे चालत असतील आणि त्याच दिवशी त्याची दुसरी गाडी आपल्या बाजूला येत असेल, तर एक फेरी वाचते. खोक्याला ३० पैसे गेले.

सगळ्यात जास्त भाव उतरतो तो पैशांच्या मुदतीवर. सुमारे दोन लाखांचे बिल ४५ ऐवजी ७ दिवसांत मिळाले तर त्याचे ३८ दिवस वाचतात. वर्षाला १२ टक्के व्याज धरले तर ते अडीच हजार रुपये होतात, खोक्याला बरोबर ५० पैसे. लहान कारखानदाराला हे पैसे व्याजापेक्षाही जास्त मोलाचे असतात, कारण व्यापाऱ्याला कागदाचे रोख मोजून तो मोकळा झालेला असतो. शेवटी भाव ४१ रुपयांवर ठरला. जादा खर्च भागून आणि लवकर पैशाचा फायदा धरून त्याच्या हाती खोक्याला सव्वा रुपयाच्या आसपास राहतो. दोन रात्री माणसे थांबवणाऱ्याला तो मिळालाच पाहिजे असे मला वाटते. खरेदीदाराचा हिशेबही पाहा. ५,००० खोक्यांवर ५ रुपये, म्हणजे २५,००० जास्त गेले. पहिल्या फोनवरच हो म्हटले असते तर ८,४०० खोक्यांवर ८ रुपयांप्रमाणे ६७,२०० गेले असते.

दुसऱ्या खोकेवाल्याकडून भाव का घेऊ नये, असा प्रश्न कुणीही विचारील. जरूर घ्यावा, पण खरी ऑर्डर देण्याची तयारी असेल तरच. नव्या माणसाला छपाईचे रबरी ठसे बनवावे लागतात, नमुना करून पास करून घ्यावा लागतो, आणि यात तीन-चार दिवस सहज जातात. आपल्याकडे तेवढे दिवस नाहीत हे जुन्या खोकेवाल्याला पक्के ठाऊक असते, त्यामुळे नुसता धाक दाखवण्यासाठी आणलेल्या कोटेशनला तो ओळखतो. छपाईशिवाय कोरा खोका आणि त्यावर लेबल चालत असेल, तर मात्र दुसरा पुरवठादार खरा पर्याय ठरतो. हे विक्री विभागाला विचारून आधीच ठरवून ठेवावे.

भाव ठरला की काम संपले असे वाटते. खरी काळजी माल येताना घ्यावी लागते. लहान कारखान्यात खोक्याचा कागद आधी नागमोडी करून दोन प्लायचा बनतो, मग खळीने त्यावर पुढचे थर चिकटतात, आणि ती शीट रचून दाबून काही तास वाळू द्यावी लागते. खळीत पाणी असते. घाईच्या ऑर्डरीत पहिली कात्री लागते ती याच वाळण्याच्या वेळेला. ओलसर शीट तशीच कापून, पिना मारून गाडीत भरली की खोका दिसतो नीट, पण भरून सात-आठ थर रचले की तिसऱ्या दिवशी खालचा थर बसतो. आत चिवडा असेल तर त्याचा भुगा झालेला दुकानदारच सांगतो.

दुसरी कात्री कागदाला लागते. ठरलेल्या जीएसएमचा कागद व्यापाऱ्याकडे नसेल तर थोडा हलका कागद वापरला जातो. कधी सांगून, कधी न सांगता. खरेदीवाले ते पकडायला खोका वजन करून पाहतात. ७५० ग्रॅम भरला की पास. पण ओला खोका पाण्यामुळे जड भरतो, त्यामुळे हलका कागद आणि अर्धवट वाळलेली खळ यांचे मिळून वजन बरोबर ७५० येऊ शकते, आणि दोन दोष एकमेकांना झाकतात. म्हणून घाईच्या मालाचे पाच-सहा खोके उतरवतानाच मॉइश्चर मीटरने तपासावेत. साधारण ७ ते १० टक्के ओलावा ठीक, त्याच्या बराच वर गेला तर तो माल उघडून हवेला ठेवायचा आणि वजन दुसऱ्या दिवशी करायचे. मीटर नसेल तर खोक्याची कड अंगठ्याने दाबून पाहा. कोरडी कड टणक लागते. ओली असेल तर आतली नागमोड दबते आणि परत वर येत नाही. हप्त्यांनी माल मागवण्याचा आणखी एक फायदा इथे दिसतो: पहिल्या १,५०० मध्ये दोष सापडला तर उरलेले ३,५०० अजून त्याच्या मशीनवर असतात.

राहिला कागदोपत्रीचा भाग, आणि चांगला झालेला व्यवहार बऱ्याचदा इथेच नासतो. भाव तोंडी ठरतो, माल येतो, बिल ४१ रुपयांचे येते. हिशेब विभागाच्या संगणकात मात्र त्या खोक्याचा भाव ३६ आहे. बिल, ऑर्डर आणि चलन जुळत नाही म्हणून पैसे अडकतात. ज्या माणसाला सात दिवसांत पैसे देतो म्हणून ५० पैसे कमी करून घेतले, तो दोन महिने फेऱ्या मारतो. पुढच्या वर्षी त्याच्याकडून तातडीचा माल मिळेल अशी अपेक्षा मग कुणी ठेवू नये. यावर उपाय सोपा आहे. जुन्या ऑर्डरमध्ये दुरुस्ती करायची नाही, स्पॉटसाठी स्वतंत्र ऑर्डर काढायची. तिच्यावर ४१ चा भाव, तीन तारखा, सात दिवसांची मुदत आणि कारणाची एक ओळ लिहायची, आणि माल गाडीत चढण्याआधी ती त्याच्या हातात द्यायची.

कायद्याच्या बाजूनेही लेखी ऑर्डर महत्त्वाची आहे. सूक्ष्म आणि लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यात पैशांची मुदत लेखी ठरवली असेल तर ती जास्तीत जास्त ४५ दिवस असू शकते, आणि लेखी काहीच नसेल तर १५ दिवस. करार आहेच, असे म्हणून भागत नाही, कारण हा माल कराराबाहेरचा आहे असे आपणच लिहून दिलेले असते. नुसत्या फोनवर दिलेल्या स्पॉट ऑर्डरीचे पैसे ४५ दिवसांनी देऊ असे गृहीत धरणारा खरेदीदार सोळाव्या दिवसापासून व्याजाच्या दायित्वात असतो, आणि ते व्याज बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने लागते.

संगणकातला आणखी एक सापळा आहे, तो उशिरा लक्षात येतो. बऱ्याच प्रणालींत 'शेवटचा खरेदी दर' आपोआप साठवला जातो. दिवाळीचे ४१ तिथे जाऊन बसतात. फेब्रुवारीत नव्या कराराची बोलणी सुरू होतात तेव्हा नवा अधिकारी पडद्यावर ४१ पाहतो, खोकेवाला ३९ सांगतो, आणि दोन रुपये कमी करून घेतल्याचा आनंद होतो. स्पॉटची नोंद वेगळ्या खुणेने ठेवली नाही तर सात दिवसांची तातडी पुढच्या २,४०,००० खोक्यांच्या भावात शिरते. खोक्याला ३ रुपयांनी हे सात लाख वीस हजार होतात. 'हा दर केवळ याच ऑर्डरपुरता' हे वाक्य मेलमध्ये असायचे कारण हेच, आणि ते दोन्ही बाजूंनी पाळायचे आहे. बाजार पडलेला असताना स्पॉट रेट करारापेक्षा कमीही येतो. तेव्हा तो हत्यारासारखा वापरून ३६ चा करार मोडायला निघालेला खरेदीदार पुढच्या तेजीत एकटा पडतो.

खरेदीचे काम पाहणाऱ्यांना एकच विनंती आहे. तुमच्या दरकरारांची फाईल आज उघडा, कमी-जास्त मालाचे कलम किती टक्क्यांचे आहे आणि किती दिवसांच्या सूचनेचे आहे ते पाहा, आणि कलमच नसेल तर पुढच्या नूतनीकरणात ते घालून घ्या. त्याच वेळी तातडीच्या मालाचा भाव कसा मोजायचा, कागदाचा फरक अधिक ओव्हरटाइम अधिक गाडी, हेही पुरवठादाराशी बसून लिहून ठेवा.